बालमंदिर प्रवेश २०२६-२७ : वयाची अट, दिवसभरातले उपक्रम आणि पालकांच्या भेटीच्या वेळा

बडोद्याच्या आमच्या बालमंदिरात नर्सरी, ज्युनिअर केजी आणि सीनिअर केजीचे प्रवेश सुरू आहेत. फॉर्म न्यायला येणारे पालक वारंवार विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. निम्म्याहून जास्त प्रश्न १ जून या एकाच तारखेभोवती फिरतात, म्हणून त्या भागाला जास्त जागा दिली आहे. आधी एखाद्या उत्तरात येऊन गेलेली माहिती पुन्हा न लिहिता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कोणत्या वर्गासाठी जन्मतारीख कुठून कुठपर्यंत हवी?

या वर्षासाठी हिशेब असा आहे:

नर्सरी : २ जून २०२२ ते १ जून २०२३ या काळात जन्मलेली मुले.
ज्युनिअर केजी : २ जून २०२१ ते १ जून २०२२.
सीनिअर केजी : २ जून २०२० ते १ जून २०२१.

म्हणजे १ जून २०२६ या दिवशी नर्सरीसाठी ३, ज्युनिअरसाठी ४ आणि सीनिअरसाठी ५ वर्षे पूर्ण झालेली हवीत. १ जूनलाच वाढदिवस असलेले मूल बसते, २ जूनचे बसत नाही. एका दिवसासाठी अडवता का, असे दर वर्षी कुणीतरी काकुळतीने विचारते. त्याचे उत्तर पुढच्या दोन प्रश्नांत आहे.

२. ही १ जूनची तारीख तुमच्या शाळेने ठरवली आहे का?

नाही. गुजरातच्या शिक्षण हक्क नियमांमध्ये, म्हणजे २०१२ च्या नियमावलीत, ज्या मुलाला त्या शैक्षणिक वर्षाच्या १ जूनला ३ वर्षे पूर्ण झालेली नाहीत त्याला पूर्वप्राथमिक शाळेने प्रवेश देऊ नये असे आहे. त्याला जोडलेली दुसरी अट पहिलीची. २०२३-२४ पासून राज्यात पहिलीत जायला १ जूनला ६ वर्षे पूर्ण असावी लागतात.

त्या वर्षी बऱ्याच घरांची पंचाईत झाली. मुलांची नर्सरी, ज्युनिअर, सीनिअर अशी तीन वर्षे झाली होती, पण लवकर बसवल्यामुळे पहिलीच्या दारात ती सहाची नव्हती. काही पालक न्यायालयात गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने त्या याचिका फेटाळल्या आणि तिनाच्या आत मुलांना पूर्वप्राथमिक शाळेत घालणे हेच नियमाविरुद्ध होते, असे पालकांनाच सुनावले. अशा पाच पूर्ण, सहा अपूर्ण मुलांसाठी सरकारी शाळांत त्याच वर्षी बालवाटिका सुरू झाली.

तेव्हा एखादी शाळा 'बघू, करून घेऊ' म्हणाली, तर तिथे आजचा प्रवेश मिळेल, पण अडचण तीन वर्षांनी तुमच्यासमोर येईल. कशी, ते प्रश्न ३ मध्ये तारखांसह मांडले आहे.

३. आमची मुलगी १४ जुलै २०२३ ची आहे. दीडच महिना कमी पडतोय, चांगली बोलते, गाणी म्हणते. या वर्षी घ्या ना?

तिची हुशारी आम्हाला मान्य आहे. तरी तारखा ओळीने मांडून बघा.

१ जून २०२६ ला तिचे वय २ वर्षे, १० महिने, १८ दिवस भरते. समजा एखाद्या शाळेने तिला यंदा नर्सरीत घेतले. २०२७ मध्ये ज्युनिअर, २०२८ मध्ये सीनिअर, आणि जून २०२९ मध्ये पहिलीचा फॉर्म. त्या दिवशी ती ५ वर्षे, १० महिने, १८ दिवसांची असेल. कमी पडलेला तो दीड महिना तीन वर्षांनी तसाच समोर येतो, कारण दोन्हीकडे तारीख १ जूनच आहे. पहिलीचा प्रवेश नाकारला जाईल आणि तिला सीनिअर केजी पुन्हा करावी लागेल. मैत्रिणी पुढच्या वर्गात जातील आणि आपण का थांबलो हे विचारण्याइतकी ती तोवर मोठी झालेली असेल. फीचे एक वर्ष जास्तीचे लागेल ते वेगळेच.

आता थांबलात तर काय होते? जून २०२७ मध्ये नर्सरी, २०२८ मध्ये ज्युनिअर, २०२९ मध्ये सीनिअर, आणि जून २०३० मध्ये पहिली, वय ६ वर्षे १० महिने. पहिलीचे साल दोन्ही वाटांनी २०३० च येते. फरक इतकाच, की एका वाटेवर तिला सीनिअर केजी दोनदा करावी लागते.

म्हणून जून ते ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलांच्या पालकांना आम्ही फॉर्म देण्याआधी हा हिशेब कागदावर लिहून देतो.

४. मग तिनाच्या आतल्या मुलांसाठी प्लेग्रुप किंवा डे-केअर?

प्लेग्रुप नाही. प्रवेश, हजेरी, फी असे काहीही तिनाच्या आतल्या मुलासाठी आम्ही करत नाही. शनिवारी सकाळी १० ते ११ अंगण आणि वाळूची जागा खुली असते. तिथे आई, बाबा, आजी किंवा आजोबांपैकी कुणीतरी पूर्ण वेळ बाळासोबत थांबायचे, बाळाला सोडून जायचे नाही. डे-केअर ही वेगळी सेवा आहे, ती आमच्याकडे कोणत्याच वयासाठी नाही.

५. आमचा मुलगा २५ मे २०२३ चा, म्हणजे जेमतेम बसतो. बसवावा की एक वर्ष थांबावे?

नियमाने बसतो, निर्णय तुमचा. तो वर्गातल्या सगळ्यात लहानांपैकी असेल, आणि जून २०२२ मध्ये जन्मलेले मूल त्याच्याहून जवळपास वर्षभराने मोठे. या वयात हे अंतर चप्पल घालण्यापासून वाक्य पूर्ण करण्यापर्यंत सगळीकडे दिसते.

आम्ही तीन गोष्टी विचारतो. शू-शी आली की तो कोणत्याही भाषेत, खुणेने का होईना, सांगतो का? आई-बाबांशिवाय मामा-मावशी किंवा शेजाऱ्यांकडे तासभर रमतो का? आणि एका जागी बसून स्वतःच्या हाताने काही खातो का? तिन्हींचे उत्तर 'नाही' असेल तर एक वर्ष थांबा, असेच आम्ही सांगतो. एखादेच 'नाही' असेल तर जून ते दिवाळी एवढा काळ त्यासाठी पुरतो. अंक, रंग, इंग्रजी अक्षरे येतात की नाही, याचा या निर्णयाशी संबंध नाही.

६. शाळेची वेळ आणि दिवसाचा क्रम काय?

सोमवार ते शुक्रवार, सकाळी ९ ते १२. एका वर्गात जास्तीत जास्त २० मुले, सोबत एक ताई आणि एक मदतनीस मावशी.

९ ते ९:२० मुले येतात, चपला-दप्तर जागेवर ठेवतात आणि अंगणात खेळतात. मग गोल बसून प्रार्थना, गाणी, गप्पा. ९:४० ते १०:३० हा दिवसातला मुख्य वेळ, 'हाताचे काम' (प्रश्न ७). त्यानंतर हात धुणे आणि नाश्ता. ११ वाजता पुन्हा मैदान किंवा वाळू, ११:३० ला गोष्ट, मग निरोप.

मुख्य काम नाश्त्याआधी ठेवण्याचे कारण साधे आहे. अकरानंतर मुलांचे लक्ष ओसरते आणि बडोद्याच्या उन्हाळ्यात तोवर उकाडाही वाढलेला असतो. त्या वेळी गोष्टच चालते.

७. 'हाताचे काम' म्हणजे नेमके काय करून घेता? नुसते खेळच असतात का?

फळीवर मुलाच्या हाताला येईल अशा उंचीवर ट्रे मांडलेले असतात. मूल एक ट्रे उचलते, चटईवर नेते, काम करते, जागेवर ठेवते आणि मग दुसरा घेते. ताई एकदा सावकाश करून दाखवतात आणि बाजूला होतात.

एकच काम तपशिलात सांगतो : ओतणे. पहिल्या आठवड्यात दोन सारखे छोटे जग आणि त्यांतल्या एकात अर्ध्यापर्यंत राजमा. राजमा मोठा, मोजके दाणे सांडतात, आवाज होतो, त्यामुळे सांडले हे मुलाला स्वतःलाच कळते. दाणे सांडेनासे झाले की तांदूळ, मग पाणी, आणि पाण्यातही आधी अर्धा जग, नंतर अरुंद तोंडाची बाटली व नरसाळे. या सगळ्यात मनगट वळवणे, दोन हात मिळून काम करणे आणि भांडे भरत आल्यावर थांबणे शिकले जाते. पुढे पेन्सिल धरताना हेच मनगट लागते. ट्रेमध्ये एक छोटा पुसणाही असतो, कारण सांडलेले पुसणे हा त्याच कामाचा भाग आहे.

वाटाणे, मणी, चिंचोके पहिल्या सत्रात फळीवर नसतात. या वयात असली वस्तू नाकात किंवा कानात जाते आणि मूल ते सांगतही नाही. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येऊ लागला तर घरी चिमट्याने काढायचा प्रयत्न करू नका, वस्तू आणखी आत सरकते. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या.

याशिवाय बटणांच्या आणि नाडीच्या चौकटी, माती मळणे, कागद आधी फाडणे आणि मग कात्रीने कापणे, काकडी कापणे (बोथट सुरीने, ताईंच्या शेजारी बसून) असे सगळे असते. ही पद्धत गुजरातला नवी नाही. गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर काढले, आणि आपल्या ताराबाई मोडकांनी त्यांच्यासोबत तिथेच काम केले.

८. नर्सरीत लिहायला कधी शिकवता? शेजारच्या मुलाला तर ए-बी-सी-डी वहीत लिहायला देतात.

नर्सरीत वही नाही. जाड खडू, बोटाने रव्याच्या ट्रेमध्ये रेघा आणि ब्रश, एवढेच. तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटाची हाडे अजून पूर्ण तयार झालेली नसतात. पेन्सिल दिली की मूल ती मुठीत धरते, दाबून गिरवते आणि थोड्याच वेळात हात झटकू लागते. मुठीतली ती पकड एकदा पक्की झाली की मोडायला फार वेळ जातो. ज्युनिअरच्या दुसऱ्या सत्रात आखूड, जाड पेन्सिल येते. सीनिअरमध्ये अक्षरे आणि २० पर्यंतची संख्या, तीही वस्तू मोजून. घरी गिरवून घेऊ नका, ही आमची कळकळीची विनंती आहे.

९. घरी मराठी, गल्लीत गुजराती, कार्टून हिंदीत. मुलाचा गोंधळ होणार नाही का? शाळेत कोणती भाषा?

गोलातली गाणी-गोष्टी मराठीत आणि गुजरातीत, दोन्हीत होतात. ताईंना दोन्ही भाषा येतात, त्यामुळे मूल 'पाणी हवंय' म्हणाले काय किंवा 'पाणी जोईए छे' म्हणाले काय, पेला मिळतोच. सुरुवातीला मूल एकाच वाक्यात दोन भाषा मिसळते. ते चुकीचे नाही, तिथे टोकू नका. नीट वाक्य आपण सहज पुन्हा म्हणावे, एवढे पुरते. आजी-आजोबांनी घरात मराठीच बोलत राहावे. 'शाळेत गुजराती लागेल' म्हणून घरची भाषा बदलली, तर मुलाकडे कोणतीच भाषा धड राहत नाही.

पुढचा विचार म्हणून एक माहिती : २०२३ च्या कायद्याने गुजरातमधल्या सगळ्या शाळांत, बोर्ड कोणतेही असो, पहिली ते आठवी गुजराती विषय सक्तीचा आहे. तेव्हा इथे कानावर पडलेली गुजराती उपयोगीच पडते.

१०. आम्हाला शाळा बघायची आहे. कधी यावे?

दोन प्रकारच्या वेळा आहेत.

माहिती आणि फॉर्मसाठी मंगळवार ते शुक्रवार, दुपारी १२:१५ ते १. मुले गेलेली असतात, ताई मोकळ्या असतात, वर्ग, स्वच्छतागृह, स्वयंपाकघर सगळे फिरून बघता येते. फीचा तक्ता याच वेळी हातात देतो.

चालू वर्ग बघण्यासाठी बुधवार आणि गुरुवार, ९:४० ते १०:२०. एका वेळी दोनच कुटुंबे, आदल्या दिवशी दुपारच्या वेळेत येऊन नाव लिहावे लागते. मागच्या बाकावर बसायचे, फोटो काढायचे नाहीत, मुलांशी आपणहून बोलायचे नाही. मूल स्वतः येऊन बोलले तर जरूर बोला.

सकाळी ९ च्या सुमारास भेटायला येऊ नका. त्या वीस मिनिटांत ताईंचे सगळे लक्ष दारावर असते : कोण रडतेय, कुणाला ताप आहे, कोण कुणासोबत आले. त्यात चौकशी सुरू झाली की एखादे मूल उघड्या दारातून बाहेर जाऊ शकते.

११. भेटीत काय बघावे? सगळ्या शाळा रंगीबेरंगीच दिसतात.

भिंतीवरची चित्रे शेवटी बघा. आधी स्वच्छतागृहात जा. नळ मुलाच्या हाताला येतो का, संडासाचे दार आतून कडी लागून मूल अडकेल असे तर नाही ना, फरशी कोरडी आहे का? मग फळ्या : सामान मुलाच्या उंचीवर आहे की कपाटात कुलूपबंद? भिंतीवर वीस मुलांची वीस एकसारखी फुले लावलेली असतील तर ती ताईंनी कापली आहेत असे समजा. शेवटी मुख्य दार : मुलाला घ्यायला आलेल्या माणसाची ओळख कशी पटवतात, ते विचारा. आमच्याकडे फॉर्मवर फोटोसकट दिलेल्या तीनच व्यक्तींकडे मूल सोपवतो. काका म्हणून ओळख सांगितली तरी फोटो नसेल तर आधी पालकांना फोन जातो.

हे प्रश्न दुसरीकडेही विचारा, फक्त आमच्याकडेच नको.

१२. मुलाची मुलाखत असते का?

नाही, आणि पालकांचीही नाही. चाळणी लावून प्रवेश देणे आणि देणगी घेणे, दोन्हींना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ मध्ये मनाई आहे. जागेपेक्षा अर्ज जास्त आले तर चिठ्ठ्या टाकतो, पालकांसमोर.

१३. कागदपत्रे कोणती? आधारवर जन्मतारीख वेगळी आहे, चालेल का?

जन्म दाखला, लसीकरणाची नोंद (ममता कार्ड किंवा डॉक्टरांची फाइल), पत्त्याचा पुरावा, मुलाचे दोन फोटो, आणि प्रश्न ११ मधल्या तीन व्यक्तींचे फोटो.

वयासाठी आम्ही जन्म दाखलाच धरतो. आधारवर वेगळी तारीख असेल तर आधार दुरुस्त करून घ्या. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी तर शाळाप्रवेशाला जन्मतारखेचा पुरावा म्हणून कायद्याने जन्म दाखलाच धरला जातो. ही मुले पुढच्या वर्षी नर्सरीत येतील, त्यांच्या पालकांनी आत्ताच तपासून ठेवावे.

नेहमी अडते ते असे, की दाखल्यावर मुलाचे नावच नसते. बारशाआधी नोंद झालेली असते आणि नंतर कुणी गेलेले नसते. जिथे जन्माची नोंद झाली तिथेच नाव घालून मिळते : पहिल्या वर्षात विनाशुल्क, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. जन्म माहेरी, दुसऱ्या गावी झाला असेल तर तिथे जावे लागते, म्हणून हे काम मेपर्यंत ठेवू नका.

लसींपैकी १६ ते २४ महिन्यांतला डीपीटी बूस्टर आणि गोवर-रुबेलाचा दुसरा डोस बरेचदा राहून गेलेला दिसतो. तो राहिला म्हणून प्रवेश थांबत नाही, पण जूनच्या आत घ्या.

१४. डब्यात काय द्यावे?

मूल स्वतः खाऊ शकेल असे आणि कमी : अर्धी पोळी-भाजीची गुंडाळी, इडली, उपमा, थालीपिठाचे तुकडे. पोहे दिलेत तर शेंगदाणे काढून द्या. अख्खा शेंगदाणा, अख्खे द्राक्ष, फुटाणे घशात अडकू शकतात. द्राक्षे उभी चिरून द्या. वेफर्स, चॉकलेट आणि सेव-उसळ घरी.

१५. तो अजून डायपर लावतो. प्रवेश मिळेल का?

मिळेल, पण शाळेत डायपर नाही. एप्रिल-मेमध्ये दिवसा डायपर बंद करा, उन्हाळ्यात ओले कपडे लवकर वाळतात. सुरुवातीला दर दीड तासाने न्या. शाळेत दोन जोड जादा कपडे, इलॅस्टिकची चड्डी. पट्टा, डंगरी, घट्ट जीन्स नको, कारण बटण सुटेपर्यंत वेळ निघून जातो. कपडे ओले झाले म्हणून कुणालाही रागावले जात नाही.

१६. पहिल्या दिवशी सोडून निघून जायचे का? खूप रडेल.

पहिले तीन दिवस एकच तास, घरचे एक माणूस वर्गात. चौथ्या दिवसापासून माणूस बाहेरच्या बाकावर. दुसऱ्या आठवड्यात दोन तास, माणूस घरी. तिसऱ्या आठवड्यात पूर्ण वेळ.

लक्ष चुकवून पळ काढू नका. मूल वळून बघते, आई नाही, आणि दुसऱ्या दिवशी ते कडेवरून उतरतच नाही. 'गोष्ट झाली की मी येते' असे सांगा, एकदा टाटा करा आणि निघा. दारातून पुन्हा परतू नका. घ्यायला मात्र वेळेआधी पाच मिनिटे या.

बहुतेक मुले सोडल्यावर थोड्या वेळाने कामाला लागतात. तसे झाले की नाही, ते आम्ही त्याच दिवशी खरे सांगतो. मूल नाश्ता खात नाही, कुणाच्याच जवळ जात नाही आणि चौथ्या आठवड्यातही तसेच आहे, असे दिसले तर वेळ पुन्हा एका तासावर आणतो. दिवाळीच्या २१ दिवसांच्या सुट्टीनंतर रडणे दोन-चार दिवस परत येते, त्याने घाबरू नका.

१७. आम्ही पुण्याहून बदली होऊन येतोय. मुलीची तिथे नर्सरी झाली. ज्युनिअरला घ्याल ना?

जन्मतारखेवर आहे. महाराष्ट्रात वय ३१ डिसेंबरला मोजतात, इथे १ जूनला. मुलगी ९ ऑक्टोबर २०२२ ची असेल तर पुण्यात २०२५ मध्ये तिला नर्सरी रीतसर मिळाली. पण १ जून २०२६ ला ती ३ वर्षे ७ महिन्यांची आहे, इथे ज्युनिअरला ४ पूर्ण हवीत. म्हणून तिला पुन्हा नर्सरी. ज्युनिअरला बसवले तर जून २०२८ मध्ये पहिलीला ५ वर्षे ७ महिने होतील आणि प्रश्न ३ मधलीच अडचण येईल.

२ जून ते ३१ डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलांनाच हा फरक पडतो. जानेवारी ते १ जूनमधली मुले दोन्ही राज्यांत त्याच वर्गात बसतात. वर्ष-दोन वर्षांत परत जाणे नक्की असेल तर भेटीत तसे सांगा, त्या शाळेत कोणत्या वर्गात बसेल याचा हिशेब सोबत बसून करू.

१८. पुढे केंद्रीय विद्यालयात घालायचे आहे. तिथेही १ जूनच ना?

नाही, तिथे ३१ मार्च. पहिलीला ३१ मार्चला ६ पूर्ण हवीत. मुलगा २० एप्रिल २०२३ चा असेल तर आमच्याकडे यंदा नर्सरीत बसतो आणि जून २०२९ मध्ये राज्याच्या नियमाने पहिलीलाही बसतो. केंद्रीय विद्यालयात मात्र ३१ मार्च २०२९ ला तो पाच वर्षे अकरा महिन्यांचा असेल, म्हणजे तिथली पहिली २०३० मध्ये. २ एप्रिल ते १ जूनमध्ये जन्मलेल्या मुलांसाठी एवढा एकच विचार वेगळा करावा लागतो. केंद्रीय विद्यालय पक्के असेल तर नर्सरी एक वर्ष उशिरा सुरू करा, म्हणजे मध्ये वर्ग दोनदा करावा लागणार नाही.